वहीतला ‘शिल्लक’चा रकाना

जानेवारीत सोलापुरात सिद्धेश्वरांची यात्रा संपली की गड्ड्यावरच्या जत्रेतले पाळणे निघायच्या आत मी दरवर्षी व्यायामाचं नवं वेळापत्रक लिहून काढतो. या वर्षी पहिल्यांदा आठवड्याचे सहा दिवस जिम ठरवली. वय चौतीस, वजन ७४ किलो, वजनं उचलायला लागून चार वर्षं झालेली. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅच सांभाळतो. सुटायला सात वाजतात, त्यामुळे जिमला पोचेपर्यंत आठ.

वेळापत्रक सगळीकडे चालतं तेच होतं. सोमवारी पुश म्हणजे छाती-खांद्याचे ढकलायचे व्यायाम, मंगळवारी पुल म्हणजे पाठीचे ओढायचे, बुधवारी लेग्ज, आणि गुरुवार ते शनिवार तेच पुन्हा. रविवारी सकाळी संभाजी तलावाकडे पाच किलोमीटर पळणं. फेब्रुवारीभर सगळं सुरळीत चाललं. महिन्याच्या शेवटी ११० किलोचा स्क्वॉट, म्हणजे बार खांद्यांवर घेऊन बसून उठणं, पाच-पाच रेप्सचे तीन सेट झाला. बेंच ८० वर पाच, डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरून बार उचलणं, १४० वर तीन. यातलं काहीच याआधी जमलं नव्हतं.

मी वही ठेवतो. तारीख, व्यायाम, किलो, रेप्स आणि शेवटी ‘शिल्लक’ नावाचा रकाना. सेट संपल्यावर अजून किती रेप्स निघाल्या असत्या, तो आकडा त्यात जातो. गोदामाच्या रजिस्टरमध्ये रोज शिल्लक लिहून हात बसलेला, म्हणून नावही तेच दिलं. पुढे जे घडलं त्याची पहिली खूण याच रकान्यात होती आणि तीन आठवडे ती माझ्या डोळ्यांसमोर होती. मी फक्त किलोंचा रकाना बघत होतो.

२८ फेब्रुवारीला ११० किलोच्या पहिल्या सेटपुढे ‘३’ लिहिलंय. म्हणजे पाच मारल्या, आठ निघाल्या असत्या. ७ मार्चला ‘२’. १४ मार्चला ‘१’. २१ मार्चला शून्य. किलो तेच, रेप्स त्याच. वरवर पाहता काहीच घसरलेलं नाही, पण तेच वजन दर आठवड्याला थोडं जास्त महाग पडत होतं. २८ मार्चला मग घसरण उघडी पडली: पाच, चार, तीन. पुढच्या आठवड्यात १०७.५ वर उतरलो, तिथेही चौथ्या रेपला बार मधेच अडकला.

तोवर झोप बिघडली होती. अंग इतकं दमलेलं असायचं की अकराला पडल्या पडल्या डोळा लागायचा, पण तीनच्या सुमाराला खाडकन जाग यायची. छाती धडधडतेय, तळपाय गरम, मांड्यांत नुसती चुळबुळ. पाचपर्यंत छताकडे बघत पडायचं. सुरुवातीला मी उन्हाळ्याला दोष दिला. सोलापुरात मार्च संपता संपता रात्री तापायला लागतात, स्लॅबखालच्या खोलीत तर पहाटेपर्यंत भिंती गरम असतात. पण बायको शेजारीच, त्याच पंख्याखाली शांत झोपलेली असायची. एका सकाळी चहा देताना ती म्हणाली, “अहो, पंधरा दिवस झाले तुम्ही रात्री उठून बसताय. आणि काल पोरावर ओरडलात, त्यानं काही केलंसुद्धा नव्हतं.” दुसरं वाक्य मला जास्त लागलं. मी ओरडणारा माणूस नाही.

भूकही गेली होती. रात्री दोन भाकऱ्या खाणारा मी अर्धी टाकून उठायचो. काट्यावर ७४ चं ७२.२ झालं होतं, आणि चरबी कमी होतेय म्हणून मी खूशही होतो.

या सगळ्यावर मी काय केलं, तर काम वाढवलं. स्क्वॉट अडला म्हणजे पाय कमी पडतात असं धरून बुधवारी आणि शनिवारी दोन-दोन सेट जोडले. दमल्यासारखं वाटतं म्हणून रात्री आठ वाजता प्री-वर्कआउट घ्यायला लागलो. डब्यावर एका स्कूपमध्ये २०० मिलिग्रॅम कॅफिन लिहिलेलं आहे. कॅफिन शरीरात निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे आठला घेतलं तर रात्री एकला निम्मं, साधारण एका चांगल्या स्ट्राँग कॉफीइतकं, अजून रक्तात फिरतंय. झोप गेली म्हणून कॅफिन, कॅफिनमुळे झोप आणखी उथळ, असं ते चक्र होतं आणि मी त्यालाच जिद्द समजत होतो.

आमच्या जिममध्ये एक अण्णा येतात, साठीच्या पुढचे. तरुणपणी यात्रेच्या मिरवणुकीतला उंच, जड नंदीध्वज पेलायचे, त्याच्या सरावानंच त्यांना व्यायामाची सवय लागली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात १०७.५ खाली मी अडकलो, तेव्हा बार उचलून द्यायला तेच धावले. मी बाकावर बसलो होतो. त्यांनी वही मागितली, चष्मा लावून पानं उलटली आणि विचारलं, “तुझी कंबर कुठल्या दिवशी घरी असते?”

मला प्रश्न कळला नाही. ते म्हणाले, “नंदीध्वज एकटा माणूस शेवटपर्यंत नेत नाही. वजन तेवढंच राहतं, पेलणारा बदलतो. एकाचा घाम निघाला की दुसरा खाली शिरतो. तू छाती, पाठ, पाय बदलतोस ते दिसतंय. कमरेला बदली कोण आहे? बघ की जरा.”

घरी जाऊन मी कागदावर मांडलं. मंगळवारी पुल: डेडलिफ्टचे चार सेट, वाकून रोइंगचे चार. बुधवारी स्क्वॉटचे पाच. गुरुवारी उभं राहून खांद्याचा प्रेस, यात कंबर फक्त ताठ धरायची असते म्हणून तो मोजला नाही, पण सुटी तीही नाही. शुक्रवारी परत वाकून रोइंग, पाच सेट. शनिवारी स्क्वॉटचे चार आणि रोमेनियन डेडलिफ्टचे चार. पाठीचा कणा सरळ धरून ठेवणाऱ्या स्नायूंवर थेट भार टाकणारे सेट आठवड्याला सव्वीस, आणि मी जोडलेले चार धरून तीस. तेही मंगळवार ते शनिवार, सलग पाच दिवस. पुश-पुल-लेग्ज या नावांमुळे असं वाटतं की प्रत्येक अवयवाला दोन दिवस विश्रांती मिळते. छातीला मिळते, दंडाला मिळते. कमरेला मिळत नाही, कारण ती तिन्ही नावांच्या आड लपून काम करत असते.

त्यात माझं काम. मार्च एंडला सगळा माल एकदम बाहेर पडतो. गाडी भरताना हमाल कमी पडले की मीही गठ्ठे उचलतो, आणि त्या महिन्यात जवळपास रोज उचलले. वहीत त्याची नोंद नव्हती, कारण मी त्याला व्यायाम समजत नव्हतो. कमरेला तसा फरक कळत नाही.

तरी एक शंका उरत होती. कंबरच दमली असेल तर स्क्वॉट आणि डेडलिफ्ट अडावेत, बेंच का घसरावा? बेंच आडवं पडून होतो. वहीत बघितलं तर ८० किलोच्या पाच रेप्स मार्चअखेर तीनवर आल्या होत्या. इथे मला जे समजलं ते हे की एकच लिफ्ट अडली तर दोष बहुधा त्या लिफ्टमध्ये असतो. तंत्र बिघडलेलं असतं, वजनाच्या उड्या मोठ्या असतात किंवा तो ठरावीक स्नायू कमी पडत असतो. एकमेकांशी संबंध नसलेल्या लिफ्ट्स एकाच वेळी घसरल्या आणि जोडीला झोप, भूक, स्वभाव बिघडला, तर सगळं शरीरच भरून निघायला मागे पडलेलं असतं. माझ्या बाबतीत सुरुवात कमरेपासून झाली असेल, पण एप्रिलपर्यंत प्रश्न तिच्यापुरता उरला नव्हता.

सकाळची नाडीही मोजायला लागलो. उठल्यावर, अंथरुणातच, पूर्ण एक मिनिट. जानेवारीत सहज मोजली होती तेव्हा ५८ ते ६० असायची, आता ६६ ते ६८. या एकट्या आकड्यावर मात्र मी विसंबणार नाही. पाणी कमी प्यायलं, रात्र गरम गेली, हलका ताप असला तरी नाडी वाढते, आणि काही जण अति व्यायामाने पुरते खचलेले असूनही त्यांची नाडी वाढत नाही. सात दिवसांची सरासरी काढली तर तिला थोडा अर्थ येतो.

डॉक्टरांकडे गेलो, आणि हा टप्पा कुणी गाळू नये असं मला मनापासून वाटतं. दम लागणं, झोप उडणं, वजन उतरणं, धडधड, चिडचिड ही सगळी लक्षणं थायरॉइड वाढल्यावरही अशीच दिसतात. हिमोग्लोबिन कमी असेल, साखर बिघडलेली असेल तरीही यातली बरीचशी दिसतात. अति व्यायामाची अशी एक रक्ततपासणी नाही की आकडा आला आणि निदान झालं. बाकीची कारणं खोडत खोडतच तिथे पोचावं लागतं. माझं हिमोग्लोबिन, टीएसएच, साखर, बी-१२ ठीक निघालं. ड जीवनसत्त्व थोडं कमी होतं, त्याच्या गोळ्या दिल्या. पण एवढ्यानं असं होत नाही, असंही डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. “दोन आठवडे व्यायाम कमी करून बघा, त्यातून कळेल,” असं ते म्हणाले.

यातून कळेल म्हणजे काय, ते नंतर उमगलं. शरीर किती खोल गेलंय हे ते परत यायला किती वेळ घेतं त्यावरून ठरतं. ताण वाढला, कामगिरी काही दिवस खाली गेली आणि एक-दोन आठवड्यांच्या विश्रांतीत परत वर आली, तर ते अतिताणाचं सौम्य रूप. काही खेळाडू स्पर्धेआधी ते मुद्दाम करतात. आठवड्यांवर आठवडे, कधी महिनेही गेले तर ते बिघडलेलं. आणि कित्येक महिने विश्रांती घेऊनही माणूस उभा राहत नाही, ते खरं ओव्हरट्रेनिंग सिंड्रोम. ते जिममध्ये येणाऱ्या साध्या माणसात क्वचितच दिसतं. म्हणजे आज तुम्ही कुठल्या पायरीवर आहात हे आजच्या लक्षणांवरून सांगता येत नाही, तिन्हीकडे ती सारखीच असतात. विश्रांती हीच तपासणी आणि तोच उपचार.

पहिले चार दिवस जिमला गेलोच नाही. प्री-वर्कआउट बंद, चहासुद्धा दुपारी चारनंतर नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उलट जास्तच वाईट वाटलं. डोकं जड, हातपाय शिशाचे, नुसतं पडून राहावंसं. यातला काही भाग अचानक कॅफिन तोडल्याचा असणार. तिसऱ्या रात्रीही तीनला जाग आली, आणि मन म्हणायला लागलं की विश्रांतीचा काही उपयोग नाही, उद्या जाऊ. गेलो नाही. पाचव्या रात्री झोपलो तो थेट सहाला उठलो, पोराच्या आवाजानं.

मग हलका आठवडा. तीनच दिवस जिम, सेट निम्मे, वजनही उतरवलेलं: ११० ऐवजी ८५ चा स्क्वॉट, पाचचे दोन सेट. शिल्लक किमान चार राहिली पाहिजे, नाहीतर रॅकमधून बाहेर पडायचं. पूर्ण बंद न ठेवण्याचं कारण एवढंच की लय टिकावी. दोन आठवड्यांत ताकद जात नाही, पण स्क्वॉटची सवय जरा बोथट होते आणि परत आल्यावर अंग फार ठणकतं.

या दिवसांत सगळ्यात अवघड गेलं ते खाणं वाढवणं. कमी खाण्यानंही नेमकी हीच लक्षणं येतात. भूक मेल्यामुळे मी महिनाभर खर्चापेक्षा कमी खात होतो, म्हणजे खड्डा दोन बाजूंनी खणला जात होता. रात्री जड जेवण उतरत नव्हतं म्हणून आईनं वेळच बदलली. सकाळी सातला दोन भाकऱ्या, शेंगाचटणी, दही आणि चार अंडी. दुपारच्या डब्यात उसळ दुप्पट. रात्री ताक-भात एवढंच. आठ दिवसांत काटा ७३ वर आला.

अकराव्या दिवशी १०० किलो लावून बघितले. पाच रेप्स, शिल्लक तीन. मार्चच्या मध्यात वॉर्मअपमधलं हेच वजन मला कसं जड लागायचं ते आठवत होतं. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी ११० वर पाच, पाच, पाच. सकाळची सरासरी नाडी ६०. इतक्या लवकर परत आलो, म्हणजे माझं सौम्यच होतं. आणखी दोन महिने तसंच रेटलं असतं तर हे वाक्य लिहिता आलं नसतं.

आता नवा आठवडा. अण्णांच्या प्रश्नाभोवतीच तो रचला: कंबर कुठल्या दिवशी घरी असेल? रविवारी सकाळी सातला जड स्क्वॉट, चार सेट, नंतर लेग प्रेस. सुटीचा दिवस, रात्रभर झोपलेलो, हवा त्यातल्या त्यात थंड. मंगळवारी बेंच, आणि रोइंग छाती बाकावर टेकवून, म्हणजे पाठ कामाला लागते पण कमरेला धरून ठेवावं लागत नाही. गुरुवारी डेडलिफ्टचे तीन सेट, हलक्या स्क्वॉटचे तीन आणि लेग कर्ल. शुक्रवारी बसून खांदे, लॅट पुलडाउन, दंड, आणि पस्तीस-चाळीस मिनिटांत बाहेर. सोमवार, बुधवार, शनिवार मोकळे. पळणं काढलं, त्या जागी बुधवारी अर्धा तास चालणं.

कमरेवर थेट भाराचे सेट तीसवरून दहावर आले. स्क्वॉट आणि डेडलिफ्टमध्ये एका बाजूनं चार दिवस, दुसऱ्या बाजूनं तीन. पायांचं काम फारसं घटलं नाही, कारण लेग प्रेस आणि लेग कर्लनं ते भरून काढलं. लोक सहाचे चार दिवस करतात तेव्हा बहुतेक वेळा सहा दिवसांचं सामान चार दिवसांत कोंबतात. मीही पहिल्या कच्च्या आराखड्यात तेच केलं होतं, एका दिवसाला सव्वीस सेट. अण्णांनी ते पान काही न बोलता परत दिलं, मग पुन्हा लिहिलं.

गठ्ठेही वहीत घेतले. गाडी भरायला हात लावला त्या दिवसापुढे ‘ग’ लिहितो. बुधवारी ‘ग’ पडला तर गुरुवारचा डेडलिफ्ट १४० ऐवजी १२० चा होतो, किंवा दोनच सेट. हा साधा बदल मला सगळ्यात उपयोगी पडला आहे. आमच्याकडे लूमवर, गोदामात, बांधकामावर काम करून रात्री जिमला येणारी कितीतरी पोरं आहेत, आणि त्यांच्या हातात असलेली वेळापत्रकं दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यासाठी लिहिलेली असतात.

आणि एक नियम. शिल्लक, झोप, भूक. तिन्हींपैकी दोन सलग आठवडाभर बिघडल्या तर पुढचा आठवडा निम्म्या सेटचा, वहीत किलो काहीही म्हणोत. एकटी झोप बिघडली तर मी थांबत नाही. वीज जाते, पोर आजारी असतं, काही दिवसांआड येणारं पाणी नेमकं मध्यरात्री येतं आणि टाकी भरायला उठावं लागतं. तशा रात्रीनंतर फक्त त्या दिवसाचं वजन थोडं उतरवतो.

जूनमध्ये पहिला पाऊस पडला त्या रविवारी ११५ वर तीन रेप्स आल्या, शिल्लक एक. जुलैच्या शेवटी मात्र रकान्यात तीनाचे दोन, दोनाचा एक दिसायला लागला. त्याच आठवड्यात दोनदा पहाटे जाग आली आणि डब्यातली उसळ उरून घरी परत आली. किलो तेव्हा वाढतच होते, ११७.५ समोर दिसत होते. मी पुढच्या पानावर ८५ लिहिलं, त्याच्यापुढे ‘५ × २’, आणि वही पिशवीत टाकून घरी गेलो.